‘रद्द केलं, तरी चालू कसं?’ ग्राहकाला उत्तर देताना या चुका टाळा

“मॅडम, 9 तारखेलाच बंद केलंय मी. तरी ॲपमध्ये प्रीमियम दिसतंच आहे. म्हणजे पुढच्या महिन्यात परत पैसे कापणार ना?”

सपोर्टच्या टेबलावर दर आठवड्याला असा एकतरी फोन येतो. या गृहस्थांनी 5 मार्चला 299 रुपये भरले होते. आमच्या नव्या मुलीने त्यांना लिहून पाठवलं: “तुमचं सबस्क्रिप्शन 5 एप्रिलपर्यंत ॲक्टिव्ह आहे.” वाक्य शंभर टक्के खरं होतं, आणि त्यानेच घोटाळा झाला. ज्याने आत्ताच बंद केलंय त्याला ‘ॲक्टिव्ह’ ऐकू आलं, म्हणजे त्याच्या लेखी रद्द झालंच नाही.

हा शब्द येतो आपल्या स्क्रीनवरून. स्ट्राइपसारख्या बिलिंग यंत्रणेत ग्राहकाने मुदतीअखेरचं रद्दीकरण निवडलं की `cancel_at_period_end` समोर `true` लागतं, पण `status` मुदत संपेपर्यंत `active` च राहतं. आपल्याला या दोन ओळी एकत्र वाचायची सवय असते. ग्राहकाला आपण त्यातली एकच वाचून दाखवतो. म्हणून आधी ‘पुढचे पैसे कापले जाणार नाहीत’ हे सांगा, वापराचं नंतर. त्याची भीती पैशांची आहे, प्रीमियमची नाही.

दुसरी चूक तारखेची. रद्द करण्यापूर्वी ॲपमध्ये ‘पुढील पेमेंट: 5 एप्रिल’ असं होतं, रद्द केल्यावर ‘5 एप्रिलपर्यंत वैध’ झालं. तारीख तीच, अर्थ उलटा. ग्राहकाच्या डोक्यात 5 एप्रिल म्हणजे पैसे जाण्याचा दिवस, हे पक्कं बसलेलं असतं. त्यामुळे नुसती तारीख सांगू नका, त्या दिवशी काय होईल ते सांगा. मी असं लिहिते:

“तुमचं रद्दीकरण 9 मार्चला नोंदलं गेलं आहे. 5 एप्रिलला 299 रुपये कापले जाणार नाहीत. 5 मार्चला तुम्ही पूर्ण महिन्याचे पैसे भरले आहेत, म्हणून 5 एप्रिलपर्यंत प्रीमियम वापरता येईल. त्यानंतर ते आपोआप बंद होईल, तुम्हाला काही करावं लागणार नाही.”

तरीही पटलं नाही, तर लोकलचा पास आठवून द्या. पुढच्या महिन्याचा काढायचा नाही असं ठरवलं, म्हणून आजचा पास टीसी फाडत नाही. मुंबई-ठाण्याकडच्या माणसाला एवढं पुरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. ग्राहक चिडून म्हणतो, “आत्ताच्या आत्ता बंद करा!” आणि आपण खरंच ‘लगेच रद्द’ दाबतो. त्याक्षणी प्रीमियम जातं, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे मात्र आपोआप परत मिळत नाहीत. परतावा हा वेगळा निर्णय असतो. दोन तासांनी तोच माणूस विचारतो, “माझे उरलेले दिवस कुठे गेले?” तेव्हा बटण दाबण्याआधी विचारा: पैसे परत हवे आहेत, की पुढचे पैसे थांबवायचे आहेत? बहुतेकांना फक्त पुढचे पैसे थांबवायचे असतात. ज्याला खरोखर परतावा हवा आहे, विशेषतः वर्षाचा प्लॅन घेऊन दुसऱ्या महिन्यात सोडणाऱ्याला, ‘वर्षभर वापरा की’ हे उत्तर देऊ नका. परताव्याच्या नियमात बसतं की नाही ते स्पष्ट सांगा.

आता एक सावधगिरी. कधीकधी ग्राहकाचीच शंका बरोबर असते. कुणी फक्त ॲप काढून टाकलेलं असतं. गूगल प्लेवर तेवढ्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. कुणी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा मॅन्डेट बंद केलेला असतो, पण आपल्याकडे रद्दीकरण नोंदलेलंच नसतं. मग ठरलेल्या दिवशी यंत्रणा पैसे मागते, ते अडतात, आणि ‘पेमेंट अयशस्वी’चे निरोप त्याच्याकडे जायला लागतात. म्हणून “काळजी करू नका” म्हणण्याआधी रद्दीकरणाची नोंद स्वतः उघडून बघा. ग्राहकाकडेही एक खूण असते: ऑटोपेचे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी लागते. रद्द केल्यानंतर 3-4 एप्रिलला त्याला अशी सूचना आली, तर वाद न घालता स्क्रीनशॉट मागवा आणि तिकीट बिलिंगकडे पाठवा.

आणि तुमच्या स्क्रीनवर 4 एप्रिल, त्याच्या फोनवर 5 एप्रिल दिसलं, तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. आपला डॅशबोर्ड यूटीसी वेळेवर असेल, तर पहाटे 2 वाजता घेतलेला प्लॅन तिथे आदल्या दिवशी रात्री 8:30 चा दिसतो. ग्राहकाला त्याच्या घड्याळातली तारीख सांगा.