लांब सायकलिंगमधील खाण्यापिण्याच्या चुका टाळा : साखर घड्याळाप्रमाणे, पाणी ऋतूप्रमाणे

नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने रामटेकला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे 100 किलोमीटरची फेरी होते, आणि नियमित सायकल चालवणाऱ्याला तिला साधारण चार ते पाच तास लागतात. डिसेंबरात हीच फेरी सुरळीत पार पाडणारे अनेक जण एप्रिलमध्ये, त्याच बाटल्या आणि तोच खाऊ घेऊन निघाले, तर परतीच्या वाटेवर मनसर ओलांडता ओलांडता ढेपाळतात. दोष उन्हाला दिला जातो. ऊन कारण असतेच, परंतु बऱ्याचदा खरी गफलत बाटलीत असते, कारण शरीराची साखरेची गरज आणि पाण्याची गरज या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि त्या एकाच गतीने वाढत नाहीत.

दोन तासांहून अधिक चालणाऱ्या श्रमात ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडापोषणात सर्वसाधारणपणे मानले जाते. अडीच तासांच्या पुढे, सराव असेल तर, ती ताशी 90 ग्रॅमपर्यंत नेता येतात. स्नायूंचे हे मागणे जानेवारीच्या थंडीत आणि एप्रिलच्या उकाड्यात जवळजवळ सारखेच राहते. घामाचे मात्र तसे नसते. हिवाळ्याच्या पहाटे ताशी 400 मिलीलिटर पाणी पुरेसे वाटणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात त्याच्या जवळपास दुप्पट प्यावे लागू शकते. ज्याने सगळी साखर पाण्यातच विरघळवली आहे, त्याला हिवाळ्यात कमी प्यायल्यामुळे साखर कमी पडते आणि उन्हाळ्यात तहान भागवण्यासाठी नको तितकी साखर पोटात ढकलावी लागते. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची चूक टाळायची ती हीच : पूर्ण इंधन एकाच प्रकारच्या बाटलीवर सोपवू नये.

बाटली घट्ट करणे

साखरपाण्याचे प्रमाण 100 मिलीलिटरला 6 ते 8 ग्रॅम असेल तर ते बहुतेकांच्या पोटातून सहज पुढे सरकते. 750 मिलीलिटरच्या बाटलीत 45 ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याने सपाट मोजलेले सुमारे अकरा चमचे साखर, घातली की हे प्रमाण साधते. अंदाजे मुठीने घातलेल्या साखरेवर विसंबू नये; स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून घ्यावे. बाटली याहून बरीच घट्ट झाली, तर द्रव जठरात रेंगाळतो, आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि पोट डबडबल्यासारखे वाटते. सायकलवर वाकल्यावर पोटात पाणी हलल्याचा आवाज येणे आणि प्यायची इच्छा मरणे, ही त्याची ठळक खूण आहे. असे झाले तर दहा-पंधरा मिनिटे वेग कमी करावा आणि साध्या पाण्याचे लहान घोट घ्यावेत. जोराने पेडल मारत राहिल्यास रक्तपुरवठा पायांकडे आणि त्वचेकडे वळलेला राहतो, त्यामुळे पोट मोकळे होत नाही.

महागडी पावडर आणलीच पाहिजे असे नाही. नेहमीची साखर अर्धी ग्लुकोज आणि अर्धी फ्रुक्टोज असते, आणि आतड्यात या दोघांना आत घेणारे वाहक वेगवेगळे असतात. केवळ ग्लुकोज घेतले तर ताशी साधारण 60 ग्रॅमपलीकडे त्याचा वाहक अपुरा पडतो. औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर भरभरून घालणाऱ्यांचे पोट बिघडते ते यामुळेही. त्यामुळे मोठ्या प्रमाणासाठी साधी साखर ही माझ्या मते अधिक शहाणी निवड आहे. ज्यांना फ्रुक्टोज सोसत नाही त्यांनी मात्र ती बेताने वापरावी, आणि मधुमेह असलेल्यांनी यातले कोणतेही प्रमाण डॉक्टरांशी बोलल्याशिवाय स्वीकारू नये.

ओआरएसला इंधन समजणे

ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून ती अधिक पसरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असते फक्त 13.5 ग्रॅम. ते जुलाबात गेलेले पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी बनवलेले मिश्रण आहे; त्यातले ग्लुकोज मुख्यतः सोडियम आतड्यातून आत नेण्याच्या कामी येते. चार तासांत तीन लिटर ओआरएस प्यायलेल्या सायकलपटूच्या पोटात जेमतेम 40 ग्रॅम कर्बोदके जातात, म्हणजे एका तासाची गरजही नीट भागत नाही. शहाळ्याच्या पाण्याबद्दलही असेच म्हणावे लागेल : त्यात पोटॅशियम भरपूर असते, परंतु घामातून प्रामुख्याने जाते ते सोडियम, आणि एका शहाळ्यातली साखर तासाभराच्या चढाला पुरत नाही. फेरी संपल्यावर शहाळे अवश्य प्यावे.

एक फेरी, हिशेबासकट

समजा, 70 किलो वजनाचा सायकलपटू एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघतो आणि साडेनऊला परत येतो. निघण्यापूर्वी त्याने कमीत कमी कपड्यांत वजन केले, ते 70 किलो भरले. परत आल्यावर अंग पुसून पुन्हा केले, ते 68.2 भरले. वाटेत तो 2 लिटर पाणी प्यायला, सुमारे 300 ग्रॅम खाल्ले आणि लघवीला गेला नाही. घटलेले 1.8 किलो, प्यायलेले 2 आणि खाल्लेले 0.3 मिळून साडेचार तासांत अंदाजे 4.1 लिटर घाम गेला, म्हणजे ताशी 0.9 लिटर. वजनातली घट अडीच टक्क्यांच्या वर गेली आहे. उष्णतेत दोन टक्क्यांपलीकडची घट बहुतेकांच्या कामगिरीवर परिणाम करते, म्हणून पुढच्या वेळी त्याने 2 ऐवजी 3 लिटर प्यावे. घट मग किलोच्या आत राहील. गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढण्याची गरज नाही, आणि वजन वाढवून परत येणे तर मुळीच इष्ट नाही.

आता साखर. पहाटे उठल्यावर यकृतातला साठा रात्रभरात बराच उतरलेला असतो, म्हणून निघण्याच्या पाऊण तास आधी ब्रेडच्या दोन कापांवर जॅम लावून चहासोबत खावेत. सायकलवर पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करावी. भूक लागण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर करणे होय. शेवटच्या अर्ध्या तासात खाल्लेले त्या फेरीला फारसे उपयोगी पडत नाही, त्यामुळे हिशेब चार तासांचा धरावा. ताशी 55 ग्रॅम धरले, तर 220 ग्रॅम होतात.

हे 220 ग्रॅम असे विभागावेत. घरी कागदाच्या किंवा लहान प्लॅस्टिकच्या तीन पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीत 45 ग्रॅम साखर आणि चहाचा पाव चमचा मीठ. एवढ्या मिठातून सुमारे 600 मिलिग्रॅम सोडियम मिळते. त्यातली एक पुडी पहिल्या 750 मिलीलिटरच्या बाटलीत घालून वर लिंबू पिळावे, आणि दुसऱ्या बाटलीत साधे पाणी भरावे. खिशात दोन केळी आणि जॅमचे एक सँडविच ठेवावे. केळ्यांतून मिळून 45 ग्रॅमच्या आसपास आणि सँडविचमधून 40 ग्रॅम कर्बोदके मिळतात. हे घन पदार्थ जाताना, हवा गार असताना, वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतराने थोडे थोडे खाऊन संपवावेत. रामटेकला पोहोचेपर्यंत दोन्ही बाटल्या रिकाम्या व्हायला हव्यात. त्या भरलेल्या राहिल्या असतील, तर चूक तिथेच कळते. तेथे दोन्ही बाटल्या भरून दोन्हींत एकेक पुडी घालावी, कारण परतीला ऊन चढल्यावर चावून खाण्याची इच्छा राहत नाही आणि साखर पातळ रूपातच जाते. मनसर किंवा कन्हानला तोंडात घोळवायला आणि डोक्यावर ओतायला साधे पाणी वेगळे घ्यावे.

डिसेंबरात हीच फेरी करताना तिसरी पुडी घरी ठेवावी आणि तिच्या जागी आणखी एक सँडविच न्यावे. पिणे कमी झाले तरी साखरेची बेरीज जवळजवळ तीच राहते.

अर्ध्या वाटेवरचा नाश्ता

तर्री पोह्यांशिवाय सकाळची सायकल पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, हे कोणताही नागपूरकर मान्य करील. तरीही परतीचे 50 किलोमीटर बाकी असताना तेलाची तर्री आणि हरभरे पोटात घालणे योग्य नव्हे. तेल जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते, हरभऱ्यातल्या तंतूंमुळे गॅस होतो, आणि तिखटामुळे वाकलेल्या स्थितीत आंबट ढेकर येतात. पोहे हवेच असतील तर तर्री न घालता अर्धी प्लेट खावी. शेंगदाण्याच्या चिक्कीतही तेल बरेच असते; तिच्यापेक्षा गुळाच्या पाकातला राजगिऱ्याचा लाडू या कामाला बरा, मात्र तो कोरडा असल्याने पाण्यासोबतच खावा. पोहे-तर्री घरी परतल्यावर निर्धास्त खावी.

लक्षण ओळखण्यात गल्लत

दोन-अडीच तासांनंतर पाय अचानक पोकळ वाटू लागले, चिडचीड झाली, रस्त्यावर लक्ष टिकेना, तर बहुधा साखर संपली आहे. थांबून 25 ते 30 ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून घ्यावी. टपरीवरचे साधे थंड पेयही चालते. दहा-पंधरा मिनिटांत फरक जाणवतो. जाणवला नाही, तर कारण उष्णता असू शकते, आणि मग सावलीत थांबून अंग गार करणे हाच मार्ग आहे.

याच्या उलट, सतत साधे पाणी पिणाऱ्याला डोकेदुखी, मळमळ, बोटांची सूज जाणवली आणि वजन निघतानापेक्षा वाढलेले असले, तर रक्तातले सोडियम पातळ झाल्याची शंका घ्यावी. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे धोक्याचे आहे. बोलण्यात गोंधळ, वारंवार उलट्या किंवा ग्लानी दिसली, मग कारण कोणतेही असो, त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

तलावात दोन तास

पोहताना घाम दिसत नाही, म्हणून अनेक जलतरणपटू दोन तासांच्या सरावात एक घोटही घेत नाहीत. घाम पाण्यातही येतो, उन्हाळ्यातल्या कोमट तलावात तर विशेष. काठावर बाटली ठेवून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दीडशे ते दोनशे मिलीलिटर प्यावे. शरीर आडवे असल्याने घन पदार्थ वर येतात, त्यामुळे येथे सारे इंधन पातळच असावे. ताशी पिणे सायकलपेक्षा कमी असते, म्हणून लिटरला 80 ते 100 ग्रॅम साखर चालू शकते, परंतु ती आधी एखाद्या सोप्या सत्रात पोटाला मानवते का, हे पाहावे.

पोटाची ही सवय सायकललाही लागू आहे. आजवर फक्त पाण्यावर फेरी करणाऱ्याने थेट ताशी 55 ग्रॅमवर जाऊ नये. ताशी 30 ग्रॅमपासून आरंभ करून दर आठवड्याच्या लांब फेरीला दहा-दहा ग्रॅम वाढवावेत, आणि ज्या आकड्यावर पोट कुरकुरले, त्याच्या एक पायरी खाली आणखी दोन आठवडे राहावे.