डायलिसिसवरच्या मित्राला मेसेज करताना या चुका टाळा

मित्राचं डायलिसिस सुरू झालं हे कळलं की पहिल्या आठवड्यात त्याचा फोन मेसेजनी भरून जातो. तिसऱ्या महिन्यात तोच फोन गप्प असतो आणि डायलिसिस मात्र चालूच असतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण ताप आलेल्या माणसाला लिहावं तसं ‘लवकर बरा हो’ लिहितो. किडन्या कायमच्या निकामी झाल्या असतील तर प्रत्यारोपण होईपर्यंत, नाहीतर जन्मभर, डायलिसिस करावंच लागतं. त्यामुळे ‘कधी बरा होणार?’ याला त्याच्याकडे उत्तरच नसतं.

दुसरी चूक वेळेची, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. समजा मित्र खानापूरचा आहे आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार असं बेळगावला डायलिसिसला जातो. सकाळी लवकर गाडी धरायची, साधारण चार तास मशीनवर, मग परतीचा प्रवास. डायलिसिससाठी ज्या हातातली शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलेला असतो, त्या हातात दोन सुया असतात, तो हात हलवायचा नसतो, म्हणजे फोन एकाच हातानं. घरी येईपर्यंत अंगातलं त्राण गेलेलं असतं. कधी बीपी उतरतो, कधी पायात गोळे येतात. अशा दुपारी ‘काय गा, कसा आहेस? फोन कर की’ हा मेसेज प्रेमाचा असला तरी त्याला ओझंच होतो. बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी तोच माणूस मोकळा बोलतो.

शनिवार ते मंगळवार ही दोन डायलिसिसमधली आठवड्यातली सगळ्यात मोठी सुट्टी. या दिवसांत शरीरात पाणी साठत जातं. सोमवारी रात्री पाय सुजलेले असू शकतात, आडवं झालं की दम लागू शकतो, आणि उद्या पुन्हा जायचं हे डोक्यात असतंच. म्हणून दर आठवड्याला एकच मेसेज जमणार असेल तर तो सोमवारी संध्याकाळी करा. असा:

‘उद्या मंगळवार, तुझी पहाटेची गाडी, लक्षात आहे. आज किल्ला तलावावर गेलो होतो, पाणी बरंच उतरलंय, फोटो पाठवतोय. उत्तर द्यायची गरज नाही.’

यात तब्येतीची चौकशी नाही आणि प्रश्नचिन्हही नाही. त्याचं वेळापत्रक तुमच्या ध्यानात आहे एवढं त्याला कळतं, आणि बाहेरच्या रोजच्या जगातला एक तुकडा त्याच्यापर्यंत पोचतो. मशीनवर असताना ऐकायला काही पाठवायचं तर मिनिटभराचा व्हॉइस मेसेज पुरे.

सल्ल्याची चूक नुसती नकोशी नाही, धोक्याची आहे. ‘किडनीला शहाळं चांगलं, रोज एक पी’ हे आपल्याकडे कुणीही सहज सांगतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय बऱ्याच रुग्णांना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असतं आणि त्यात चहा, आमटी, ताकही धरलेलं असतं. त्यामुळे ‘भरपूर पाणी पी’ हेही लिहू नका. काढ्यांचे व्हिडिओ पुढे ढकलू नका. खायला काही न्यायचं असेल तर आधी त्याच्या घरच्यांना विचारा.

‘काही लागलं तर हाक मार’ हे मनापासून लिहिलेलं असतं, पण काय लागेल ते ठरवून मागायचं काम त्याच्यावरच पडतं. त्याऐवजी नेमकं लिहा: ‘शनिवारी मी बेळगावातच आहे. दुपारी तुला गाडीतून खानापूरला सोडतो. नको असेल तर फक्त “नको” लिही.’ एका हातानं, एका शब्दात उत्तर देता येतं. आणि ‘नको’ आलं तर ते मनावर न घेता पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.

निळ्या टिका दिसतात आणि उत्तर येत नाही, तेव्हा ‘रागावलास काय?’ हा मेसेज करू नका. आता तुमचीही समजूत त्यानंच काढायची, असा त्याचा अर्थ होतो. ठरलेल्या वारी आधीसारखंच साधं काहीतरी लिहीत राहा. दोन-तीन आठवडे मेसेज वाचलेही गेले नाहीत, तर त्याला न टोचता घरच्यांना फोन करा. मात्र त्याच्याकडून ‘दम लागतोय’, ‘छातीत दुखतंय’ किंवा ‘आता डायलिसिसला जाणार नाही’ असं आलं, तर टाईप करत बसू नका. लगेच त्याला आणि घरच्यांना फोन लावा. दम किंवा छातीचं दुखणं असेल तर त्याला ताबडतोब दवाखान्यात हलवायला सांगा.

हे सगळं आठवणीवर सोडलं तर दुसऱ्या महिन्यातच सुटतं. फोनमध्ये सोमवार संध्याकाळी सातचा, दर आठवड्याला वाजणारा गजर लावा. एखादा सोमवार चुकलाच तर लांबलचक माफी मागू नका, नाहीतर ‘असू दे रे’ म्हणायचं कामही त्याच्याच गळ्यात पडतं. ‘मागचा सोमवार राहिला. उद्याची गाडी लक्षात आहे’ एवढं लिहा आणि त्या दिवसाचा फोटो जोडा.