ओटीजीत चिकन टिक्का: बाहेर काळा, आत कच्चा का राहतो?

ओटीजीत टिक्का केला की दोनच तक्रारी ऐकू येतात. एक तर तो वरून जळतो आणि आत गुलाबी राहतो. नाहीतर शिजतो सगळा, पण पांढरट आणि कोरडा होतो, भट्टीचा एक डागही पडत नाही. मग लोक मसाला बदलत बसतात. मसाल्याचा दोष असतोही कधीकधी, पण आधी बघायचं ते वरच्या रॉडपासून मांस किती लांब आहे.

ग्रिलवर ठेवलं की फक्त वरचा रॉड लाल होतो आणि त्याची धग थेट मांसाच्या वरच्या बाजूवर पडते. तुकड्याच्या आत मात्र उष्णता हळूहळूच शिरते. फार जवळ ठेवलं तर आतला भाग शिजायच्या आत वरचा जळतो. फार लांब ठेवलं तर रंग येईपर्यंत आतलं पाणी सगळं आटून जातं. तीन ते साडेतीन सेंटीमीटरच्या तुकड्यांना साधारण दहा सेंटीमीटर, म्हणजे चार इंच अंतर चांगलं.

हे अंतर मोजायचं कुठून, तिथेच गफलत होते. जळगावात आमच्या शेजारच्या वहिनींकडे तीस लिटरचा ओटीजी आहे, एरवी केकपुरताच वापरात असलेला. त्यांनी अर्धा किलो बोनलेस लेग पीसचा टिक्का लावला. जाळी सगळ्यात वरच्या खाचेत, तिच्यावर ट्रे आणि ट्रेच्या कडांवर सळया टेकवलेल्या. सहा मिनिटांत धूर आणि कडा काळ्या. "ताई, मसाल्यात तिखट जास्त झालं का हो?" असं त्यांनी विचारलं. ओव्हन बंद करून थंड झाल्यावर आम्ही पट्टी लावली. जाळीपासून रॉड नऊ सेंटीमीटरवर होता, म्हणून त्यांना अंतर पुरेसं वाटलं होतं. पण ट्रेची कड तीन सेंटीमीटर उंच आणि तुकडा सळईच्या वर आणखी दोन सेंटीमीटर येत होता. म्हणजे मांस रॉडपासून जेमतेम चार सेंटीमीटरवर! अंतर जाळीपासून मोजायचं नाही, तुकड्याच्या माथ्यापासून मोजायचं, आणि तेही ओव्हन गार असताना, रिकाम्या सळया ठेवून आणि सळईच्या वर येणारी तुकड्याची उंची वजा करून.

जाळी एक खाच खाली घेतल्यावर अंतर दहाच्या आसपास आलं. पुढची खेप अशी झाली: नॉब ग्रिलवर, तापमान सगळ्यात वर, दहा मिनिटं रिकामा ओव्हन तापवला. मग सळया आत. पहिली बाजू आठ मिनिटं. उलटून दुसरी बाजू सहा मिनिटं. बाहेर काढून ब्रशने पातळ तूप फिरवलं आणि शेवटची दोन मिनिटं जाळी पुन्हा वरच्या खाचेत. हवा तो काळपट डाग इथेच येतो, आधी नाही. या दोन मिनिटांत दारापासून हलू नका. ब्रेस्टचे तुकडे असतील तर दोन्ही बाजूंची वेळ दीड-दोन मिनिटांनी कमी करा, ते लवकर कोरडे पडतात.

उलटलं, पण उलटलंच नाही

गोल सळई असेल तर ही चूक हमखास होते. तुम्ही सळई फिरवता आणि ती तुकड्याच्या आतल्या आत फिरते, मांस जागचं हलत नाही. तीच बाजू पुन्हा रॉडकडे राहते आणि खालची बाजू पांढरी. चपट्या सळया घ्या, किंवा दोन काड्या शेजारी शेजारी, बोटभर अंतर ठेवून, प्रत्येक तुकड्यातून घाला. लाकडी काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा आणि उघडी टोकं फॉइलने झाका. तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवू नका. चिकटलेली बाजू वाफेवर शिजते आणि तिथे रंग कधीच येत नाही.

उलटायचं एकदाच. सारखं दार उघडून बघितलं की दर वेळी धग बाहेर जाते.

रंगच येत नाही तेव्हा

आधी रॉडकडे बघा. तो काळा दिसत असेल तर थर्मोस्टॅटने तो बंद केला आहे आणि तुमचा टिक्का नुसता गरम पेटीत भाजला जातोय. तापमान दोनशेवर ठेवलं की हे फार होतं. नॉब शेवटपर्यंत फिरवा.

रॉड पेटलेला आहे, पण लालभडक नसून मंद तांबूस आहे, तर विजेचा दाब कमी आहे. खानदेशात एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या घरांतले कूलर सुरू झाले की हे नवीन नाही. दाब २३० व्होल्टवरून २०० वर आला तर रॉडची ताकद निम्मी होत नाही, पण जवळपास चौथा हिस्सा जातो. सोळाशे वॅटचा रॉड बाराशेसारखा वागतो. अशा वेळी ओव्हन पंधरा मिनिटं तापवा आणि अंतर दोन सेंटीमीटरने कमी करा. नुसती वेळ वाढवली तर मांस कोरडं होतं.

रॉड लाल आहे आणि तरीही तुकड्यांभोवती पांढरं पाणी साचतंय, तर दही पातळ होतं. पाणी उडून जाईपर्यंत वरचा थर भाजलाच जात नाही. अर्धा किलोला पाऊण वाटी घट्ट चक्का आणि चमचाभर भाजलेलं बेसन पुरतं. उन्हाळ्यात दही बाहेर टांगू नका, आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन तासांत आंबट होतं. चाळणीत कापड घालून फ्रीजमध्ये ठेवा. मसाला लावलेलं चिकनही फ्रीजमध्येच मुरवा आणि भाजण्याआधी फार तर पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. अगदी गार तुकडा आत टाकला तर मधला भाग मागे राहतो.

आपल्या काळ्या मसाल्याबद्दल

टिक्क्याला खानदेशी चव हवी म्हणून बरेच जण काळा मसाला सढळ हाताने घालतात. मला ती चव मनापासून आवडते, पण ग्रिलखाली तो अवघड जातो. त्यातलं खोबरं आणि मसाले आधीच खमंग भाजलेले असतात, थेट धग लागली की लगेच कडवट होतात. शिवाय लेप सुरुवातीलाच काळा असल्यामुळे कितपत भाजलं ते डोळ्यांना कळत नाही. अर्धा चमचा घाला, तोही आलं-लसूण, मीठ आणि लिंबाच्या पहिल्या लेपात, म्हणजे तो मांसाला चिकटून राहील. वरच्या दह्याच्या लेपात लाल मिरचीपूडच असू द्या.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. सळईच्या मधल्या, सगळ्यात जाड तुकड्यात थर्मामीटर खुपसा, ७४ अंश सेल्सियस झालं पाहिजे. लेग पीस ८० पर्यंत गेला तर उलट अधिक मऊ लागतो. थर्मामीटर नसेल तर तोच तुकडा कापून बघा: आत कुठेही काचेसारखा ओलसर गुलाबी भाग नको. कच्चा निघाला आणि वरून रंग पुरेसा आला असेल, तर जाळी सगळ्यात खालच्या खाचेत नेऊन तीन-चार मिनिटं द्या, पुन्हा रॉडजवळ नेऊ नका.

दुसऱ्या खेपेला ओव्हन आधीच तापलेला असतो, म्हणून पहिली बाजू एक मिनिट आधी उलटा. त्याआधी ट्रेमधली चरबी पुसून तळाला अर्धी वाटी पाणी घाला, नाहीतर तीच चरबी जळते आणि धुराचा वास सगळ्या टिक्क्याला लागतो.