दादरा आणि केरव्यातली दोन गाणी जोडताना माझा अनुभव

माझी स्वतःचीच दोन गाणी, एक वाट बघण्याचं, दुसरं तो माणूस परत येतो त्याचं. विषय जुळत होते म्हणून मॅशअप करायला घेतलं आणि फसलो, कारण पहिलं दादऱ्यात म्हणजे ६ मात्रांचं, दुसरं केरव्यात, ८ मात्रांचं. मध्ये आलाप टाकून वेळ मारून नेली, तर तबल्यावरचा मित्र म्हणाला, "अरे, सम कुठे गेली?"

मग दुसरं गाणंच दादऱ्यात कोंबून बघितलं, पण शब्द नको तिथे तुटायला लागले, ते सोडून दिलं.

शेवटी सुटलं ते २४ आकड्यावर. दादऱ्याची चार आवर्तनं म्हणजे २४, केरव्याची तीन म्हणजेही २४. मात्रेचा वेग तोच ठेवून २४ मात्रांच्या दोन ओळी नव्या लिहिल्या. पहिली सहा-सहात तुटते:

दार उघड, दिवा मंद, रात सरत आली गं

दुसरी आठ-आठात:

पाऊल तुझे वाजले इथे दारापाशी

"दार" दोन्हीकडे मुद्दाम ठेवलंय, वाट बघणं आणि येणं तिथेच भेटतं ना! आधी "पाऊल तुझं वाजलं" असं लिहिलेलं, पण अनुस्वारावर गाताना आवाज नाकात अडकायचा म्हणून "तुझे, वाजले" केलं, मात्रा तेवढ्याच. चाल न लावता नुसती टाळी देऊन म्हणून बघितलं, दर सहाव्या-आठव्या मात्रेनंतर नवा शब्द सुरू होतोय का एवढंच. "गं" संपल्यावर पुढच्याच मात्रेला तबला केरव्यात जातो, मित्राला आता विचारावं लागत नाही.