कमेंट किंवा क्लिक मागायचं, पण गळ न घालता

लेख मनापासून लिहिलेला असतो आणि शेवटी येतं: “लेख कसा वाटला ते कमेंटमध्ये नक्की सांगा! आवडल्यास लाईक करा, शेअर करायला विसरू नका आणि असेच लेख वाचण्यासाठी इथे क्लिक करा!!” इतका वेळ बरोबरीने बोलणारा लेखक एकदम हात पसरतो, आणि वाचकाला ते जाणवतं. ही ओळ सुधारायची कशी, ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, लेख कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी का पडतात यावर आहे.

सुरुवात मागण्या मोजण्यापासून करा. वरच्या ओळीत चार आहेत. त्यातली एकच ठेवा. क्लिक आणि कमेंट तर शेजारी ठेवूच नयेत, कारण लिंकवर गेलेला वाचक कमेंट लिहायला सहसा परत येत नाही. या लेखाला काय हवंय? वाचकांचे अनुभव हवे असतील, तर शेवटची जागा कमेंटला द्या.

आता प्रश्न घडवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. “कसा वाटला?” या प्रश्नाला “छान” एवढंच उत्तर येतं, कारण दुसरं काही लिहायला त्यात वावच नाही. “तुमचे अनुभव सांगा” हे दुसऱ्या टोकाचं. वाचकाने कुठून सुरुवात करायची? चांगल्या प्रश्नाचं उत्तर वाचकाकडे आधीपासून तयार असतं, एका ओळीत मावतं आणि लेखकाला खरोखर हवं असतं. आपल्या लेखासाठी असं लिहिता येईल:

“तुमच्या रोपाची आधी कुठली पानं पिवळी पडली, खालची जुनी की शेंड्याकडची कोवळी?”

रोपाकडे एक नजर टाकली की उत्तर मिळतं, तज्ज्ञ असावं लागत नाही. आणि उत्तराचा उपयोगही आहे: नत्र कमी पडलं तर बहुधा जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह कमी पडलं तर कोवळी, आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. म्हणजे आलेल्या कमेंटवर तुम्हाला पुढे बोलता येतं. कारणही सांगून टाका: “त्यावरून पुढच्या लेखात खतावर लिहू की पाण्यावर, हे ठरवता येईल.” मात्र हे खरं असेल तरच लिहा.

मग दबावाचे शब्द काढा. “नक्की”, “प्लीज”, “विसरू नका”, जोडीने येणारी उद्गारचिन्हं. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलं होतं की निवडीचं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस ते राखायला उलट वागू लागतो. आग्रहाने नेमकं हेच होतं. “वाटलं तर लिहा” एवढी मोकळीक पुरते. “सहमत असाल तर १ लिहा” ही युक्ती तर सोडूनच द्या. अशा ओढून आणलेल्या प्रतिसादाच्या पोस्ट मागे ढकलू, असं फेसबुकने २०१७ च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं होतं.

क्लिक हवा असेल, तर तो शेवटी मागण्याऐवजी गरज पडते तिथे द्या. पाणी साचून मुळं कुजतात हे वाक्य आलं की वाचकाला लगेच प्रश्न पडतो, “मग माती कशी बदलू?” लिंक तिथेच हवी, आणि तिच्या शब्दांत पलीकडे काय आहे ते दिसायला हवं: “मुळं न दुखावता माती कशी बदलायची”. “इथे क्लिक करा” यातून काहीच कळत नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणारे बरेच दृष्टिहीन वाचक पानावरच्या लिंकांची यादी ऐकून काय उघडायचं ते ठरवतात. त्यांना तर नुसतं “इथे, इथे, इथे” ऐकू येतं. “हे वाचून थक्क व्हाल” असंही नको. लोक उघडतात आणि लगेच मागे फिरतात, आणि पुढच्या लिंकवर त्यांचा विश्वास उरत नाही.

जमलं की नाही, हे आकड्यापेक्षा उत्तरांच्या मजकुरावरून कळतं. “मस्त”, “छान माहिती” अशाच कमेंट आल्या, तर प्रश्न बदला. “खालची, पण मी पाणी रोज घालते” अशी एक जरी आली, तरी प्रश्न बरोबर लागलाय. कमेंट मोजक्याच आल्या म्हणून बिचकू नका, बहुतेक वाचक वाचून गप्पच राहतात. त्यासाठी दुसऱ्या दिवशी “कुणीच काही बोललं नाही” अशी आठवण टाकू नका. त्यापेक्षा आलेल्या एका कमेंटला नीट उत्तर द्या: “रोज घालता, तर आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघा. खाली ओल असेल, तर त्या दिवशी पाणी नको.” हे वाचून पुढचा माणूस आपणहून स्वतःच्या कुंडीबद्दल विचारतो.