घर सोडण्याची दोन महिन्यांची नोटीस: शेवटचा दिवस कसा ठरवायचा आणि पत्रात कसा लिहायचा

घरमालकाला द्यायच्या नोटिशीचे तयार नमुने पानभर लांब असतात. त्यात आभार असतात, नोकरी बदलल्याची हकिगत असते, सहकार्याची अपेक्षा असते आणि मध्येच कुठेतरी ‘येत्या दोन महिन्यांत घर रिकामं करत आहे’ असं एक वाक्य असतं. डिपॉझिटच्या भांडणाला नेमकं हेच वाक्य कारण होतं. ‘दोन महिन्यांत’ म्हणजे कुठल्या दिवशी, हे भाडेकरू एका प्रकारे मोजतो आणि मालक दुसऱ्या. पत्र पाच-सहा ओळींचं असलं तरी चालतं. त्यात तारीख मात्र एकच हवी आणि तिचे दोन अर्थ निघता कामा नयेत.

मी बोलतेय ते महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांसाठी. पागडीच्या घराचं गणित वेगळं आहे, ते इथे लावू नका.

आधी करार उघडा

करारातल्या तीन गोष्टी कागदावर उतरवा: मुदत कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे, लॉक-इन कधी संपतो, आणि नोटिशीचं कलम काय म्हणतं. नोटिशीचं कलम शब्दशः वाचा. ‘दोन महिने’ आणि ‘६० दिवस’ या दोन वेगळ्या मुदती आहेत, हे पुढे दिसेलच.

लॉक-इनचं कलमही नीट वाचा. त्या काळात ‘घर सोडता येणार नाही’ एवढंच लिहिलं असेल, तर नोटीस लॉक-इन चालू असताना देऊन घर तो संपल्यावर सोडता येतं. ‘लॉक-इन काळात नोटीस देता येणार नाही’ असं लिहिलं असेल, तर तो संपेपर्यंत थांबावंच लागतं.

शेवटचा दिवस ठरवणं

सगळं पत्र या टप्प्यावर उभं आहे. मलाही सुरुवातीला हाच सुटत नव्हता, कारण ज्याला विचारावं तो वेगळी तारीख सांगायचा.

मोजणी पत्रावरच्या तारखेपासून धरू नका. पत्र मालकाच्या हाती पडलं त्या दिवसापासून धरा. करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर वाद झाल्यावर मालक हेच म्हणणार, आणि त्यात चूक काही नाही. ज्या दिवशी पत्र मिळालं तो दिवस सोडून द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, असं जनरल क्लॉजेस ॲक्ट सांगतो. म्हणून दोन महिने पुढच्या त्याच तारखेला पूर्ण होतात. पत्र २८ मार्चला मिळालं, तर मुदत २८ मे रोजी संपते. पुढच्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. ३१ डिसेंबर २०२५ ला मिळालेल्या पत्राचे दोन महिने २८ फेब्रुवारी २०२६ ला भरतात.

आता करारात ‘६० दिवस’ असेल तर काय होतं ते बघा. त्याच ३१ डिसेंबरच्या पत्राचे ६० दिवस १ मार्चला भरतात, म्हणजे एक दिवस उशिरा. १ जुलैला मिळालेल्या पत्राचे दोन महिने १ सप्टेंबरला भरतात, पण ६० दिवस ३० ऑगस्टलाच. फरक एक-दोन दिवसांचा असतो, पण नोटीस एक दिवस अपुरी पडली की मालकाला संपूर्ण महिन्याचं भाडं मागायला निमित्त मिळतं. दिवस मोजायचे असतील तर बोट ठेवून कॅलेंडरवर मोजा, अंदाजाने नको.

‘भाडं पाच तारखेला भरतो, म्हणून नोटीसही पाच तारखेलाच द्यायची’ असा एक सल्ला सर्रास मिळतो. करारात तसं लिहिलेलं नसेल तर त्याला काही आधार नाही. भाडं भरायची तारीख, भाड्याचा महिना आणि नोटिशीची मुदत ही तीन स्वतंत्र चक्रं आहेत. नोटीस कुठल्याही दिवशी देता येते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पुण्यात कोथरूडला फ्लॅट आहे, भाडं महिना ३१,००० रुपये. करार १५ सप्टेंबर २०२५ ते १४ ऑगस्ट २०२६ असा अकरा महिन्यांचा, लॉक-इन सहा महिन्यांचा, म्हणजे १४ मार्च २०२६ पर्यंत. नोटीस दोन महिन्यांची. भाडेकरूला मे महिन्याच्या शेवटी निघायचंय आणि मालक नाशिकला राहतात. ३१ मे हा शेवटचा दिवस धरला, तर पत्र उशिरात उशिरा ३१ मार्चला मालकांना मिळायला हवं. त्यासाठी ३० मार्चला पोस्टात जाणं हा जुगार आहे. मालक गावाला गेलेले असतात, दाराला कुलूप असतं, पोस्टमन दुसऱ्यांदा येतो. २३-२४ मार्चलाच पाठवा. पत्र २८ तारखेला पोचलं तरी तीन दिवस हाती राहतात. नोटीस दोन महिन्यांहून थोडी जास्त झाली तर कोणाचं काही बिघडत नाही.

त्यानंतर ‘३१ मे’ कसं लिहायचं हा प्रश्न. ‘मे अखेर’ लिहू नका. ‘१ जूनपासून घर सोडत आहे’ तर मुळीच नको. १ जूनचं भाडं कोणी द्यायचं यावर वाद घालायला ते वाक्य आयतं सापडतं. असं लिहा: ‘रविवार, दि. ३१ मे २०२६ हा माझ्या वास्तव्याचा शेवटचा दिवस राहील. त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता मी घराचा रिकामा ताबा व सर्व किल्ल्या आपल्याकडे देईन.’ वार लिहिल्याने तारखेतली चूक लगेच पकडली जाते. वेळ लिहिली की किल्ल्या घ्यायला कोण येणार हे मालकांनाही ठरवावं लागतं. हिशोबात ताबा किल्ल्या दिल्यावर सुटतो. सामान शुक्रवारीच हललं आणि किल्ल्या सोमवारी दिल्या, तर सोमवारपर्यंत तुम्हीच राहत होतात. ३१ मेला रविवार आहे हे आणखी एका कारणाने बघायला हवं: बऱ्याच सोसायट्या रविवारी सामान हलवू देत नाहीत. मग टेम्पो शनिवारी बोलवा आणि किल्ल्या रविवारी द्या.

भाड्याचा तुटका हिशोबही पत्रातच मांडा. वरच्या उदाहरणात भाड्याचा महिना १५ ते १४ असा आहे. १५ ते ३१ मे हे १७ दिवस. त्या भाडेमहिन्याचे दिवस ३१, म्हणून दिवसाला १,००० रुपये आणि एकूण १७,००० रुपये. मालकांनी ३० ने भागलं तर हाच आकडा साधारण १७,५६७ होतो. कुठला भाजक घ्यायचा हे करारात क्वचितच लिहिलेलं असतं. म्हणून आपला आकडा आत्ताच लिहून टाकावा, हरकत असली तर दोन महिने आधीच कळते. हा घोळच नको असेल आणि नव्या घराची घाई नसेल, तर शेवटचा दिवस भाडेमहिन्याच्या शेवटी ठेवा, इथे १४ जून. माझं मत विचाराल तर शक्य असेल तेव्हा हेच करावं.

एक वेगळी परिस्थिती राहिली. नोटिशीची मुदत कराराच्या शेवटच्या तारखेपलीकडे जात असेल, तर कराराची तारीखच शेवटची समजा. वरच्या करारात कोणी २८ जूनला नोटीस दिली, तर २८ ऑगस्ट हिशोबात धरू नये. करार १४ ऑगस्टलाच संपतो. मुदत संपल्यावरही ताबा न देणाऱ्या लायसन्सीकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई घेण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ मध्ये आहे. तेवढे दिवस खरोखर हवे असतील तर आधी मालकांकडून लेखी मुदतवाढ घ्या.

पत्र

> प्रति,
> (मालकांचं नाव; करारात दोघांची नावं असतील तर दोन्ही)
> (करारातला पत्ता)
>
> दि. २३ मार्च २०२६
>
> विषय: सदनिका क्र. ___ सोडण्याबाबत दोन महिन्यांची नोटीस
>
> स.न.वि.वि.
>
> आपल्यातील दि. ___ रोजीच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातील (नोंदणी क्र. ___) कलम ___ नुसार मी ही नोटीस देत आहे. रविवार, दि. ३१ मे २०२६ हा माझ्या वास्तव्याचा शेवटचा दिवस राहील. त्या दिवशी सायंकाळी ५ वाजता मी घराचा रिकामा ताबा व सर्व किल्ल्या आपल्याकडे देईन.
>
> दि. १४ मे २०२६ पर्यंतचे भाडे नेहमीप्रमाणे देईन. दि. १५ ते ३१ मे या १७ दिवसांचे भाडे रु. १७,००० होते. अनामत रक्कम रु. ___ करारानुसार ताबा देतेवेळी परत मिळावी.
>
> घराची पाहणी करण्यासाठी आपल्याला सोयीचा दिवस कळवावा.
>
> आपला/आपली,
> (नाव, सही, मोबाइल क्रमांक)

कारण लिहू नका. कराराने ते मागितलेलं नसतं आणि लिहिलं की त्यावर घासाघीस सुरू होते. ‘शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा’ हेही पत्रात नको. करारात तशी सोय नसेल तर तुम्ही स्वतःहून थकबाकीदार होता. पत्र मराठीत चालतं. मालकांना मराठी वाचता येत नसेल तर इंग्रजीत लिहा.

पोचवणं

मालक जवळ राहत असतील तर दोन प्रती घेऊन जा. एक त्यांना द्या आणि स्थळप्रतीवर ‘मिळाले’, तारीख आणि सही घ्या. सही द्यायला का कू केली तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा आणि लिफाफ्याची पावती जपून ठेवा. सोबत पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, पण फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नका. ईमेलने नोटीस चालेल असं करारात असेल तर ईमेलही करा.

चार-पाच दिवसांनी पोस्टाच्या ट्रॅकिंगवर पोच बघा. तारीख तुमच्या हिशोबापेक्षा उशिराची निघाली आणि दोन महिने ३१ मेच्या पुढे जात असतील, तर गप्प बसू नका. नवी शेवटची तारीख लिहून दुसरं छोटं पत्र लगेच पाठवा, आणि त्यात ‘आधीच्या पत्रातील तारखेऐवजी’ हे शब्द घाला, नाहीतर दोन तारखांची दोन पत्रं मालकांच्या हाती राहतील.

मालक फोनवर ‘चार दिवस आधी निघालात तरी चालेल’ म्हणाले, तर तेही त्यांच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या.

शेवटच्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, आणि किल्ल्या देताना एका कागदावर सही घ्या: ‘दि. ३१ मे २०२६ रोजी सायं. ५ वा. घराचा रिकामा ताबा व ___ किल्ल्या मिळाल्या.’ डिपॉझिट त्याच वेळी मिळालं तर रक्कमही त्याच कागदावर लिहा. नाही मिळालं, तर कधी देणार ती तारीख.