सणाच्या सेलला मुदतवाढ देताय? या चुका टाळा

दिवाळी संपली की बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांवर ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’ असा फलक लागतो, आणि तो वाचून ग्राहक मनाशी म्हणतो की माल खपला नसेल. ज्या दुकानदाराकडे लोकांनी खरोखरच मुदत मागितलेली असते, त्याचेही शब्द या गर्दीत खोटे ठरतात. त्यामुळे मुदतवाढ खरी असणे पुरेसे नाही. ती खरी आहे हे ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता आले पाहिजे, आणि जाहिराती लिहिताना नेमके हेच राहून जाते.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातले साड्यांचे एक मध्यम दुकान घेऊ. २०२५च्या दिवाळीत या दुकानाने वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे १७ ते २३ ऑक्टोबर या काळात, सेमी पैठणी, इरकल आणि सुती साड्यांवर वीस टक्के सवलत जाहीर केली, असे समजू. लक्ष्मीपूजनानंतर लोक विचारू लागले, ‘अजून दोन-तीन दिवस ठेवाल का?’ मालकाची मुदत वाढवण्याची तयारी आहे. इथून पुढे तो कुठे कुठे चुकू शकतो ते पाहू.

आग्रहाची नोंदच नसणे

पहिली चूक जाहिरातीच्या आधीच घडते. ‘बरेच जण विचारत होते’ एवढ्या आठवणीवर मुदतवाढ दिली, तर ती का दिली हे दुकानातल्या माणसांनाही नीट सांगता येत नाही. गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी आणि जो कोणी मुदतीबद्दल विचारेल, त्याने काय विचारले आणि का विचारले, एवढेच एका ओळीत लिहावे. नाव किंवा फोन नंबर मागण्याची गरज नाही. तीस-पस्तीस ओळी जमल्या तर त्यांतून कारणे वेगळी काढता येतात. आपल्या दुकानाच्या वहीत दोन कारणे ठळक दिसतात. भाऊबीजेला माहेरी आलेल्या बायकांना सणाच्या दिवशी बाहेर पडता येत नाही आणि त्यांना शुक्रवार-शनिवारी निवांत यायचे आहे. तर काही शेतकरी कुटुंबे बाजार समिती दिवाळीच्या सुटीनंतर उघडून सोयाबीनचे पैसे हाती येण्याची वाट पाहत आहेत.

वहीत पाचच ओळी असतील आणि गोदामात माल भरलेला असेल, तर तो लोकांचा आग्रह नाही. अशा वेळी ‘उरलेल्या साड्या रविवारपर्यंत त्याच सवलतीत’ असे सरळ लिहावे. उरलेला माल विकायचा आहे हे सांगण्यात काहीही कमीपणा नाही, ग्राहकालाही ते पटते, आणि ‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द खऱ्या प्रसंगासाठी शिल्लक राहतो.

निर्णय झाल्यावरही ‘शेवटचा दिवस’ ओरडत राहणे

माझ्या मते ही सर्वांत गंभीर चूक आहे, कारण मुदतवाढ अप्रामाणिक ठरते ती इथे. बुधवारी रात्री मालकाने ठरवले की सवलत रविवारपर्यंत चालू ठेवायची. पण गुरुवारी भाऊबीजेची गर्दी हातची जाऊ नये म्हणून दिवसभर दाराशी ‘आज शेवटचा दिवस’ हा फलक तसाच ठेवला, रिक्षावरच्या भोंग्यातूनही तेच ऐकवले, आणि मुदतवाढीचा संदेश रात्री दुकान बंद झाल्यावर पाठवला. कागदावर सवलत तीच आणि किंमतही तीच. तरीही गुरुवारी आलेल्या प्रत्येकाला दुकानाने जाणूनबुजून खोटे सांगितले आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि अशा जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ऑनलाइन विक्रीबाबत ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी दिली असून, खोटी घाई निर्माण करणे ही त्यांपैकी एक आहे. संकेतस्थळावरचा उलटा मोजणारा घड्याळाचा आकडा शून्यावर येऊन पुन्हा नव्याने सुरू होत असेल, तर ते याचेच ढळढळीत उदाहरण होय.

उपाय सोपा आहे, पण तो त्याच क्षणी करावा लागतो. निर्णय बुधवारी रात्री झाला, तर गुरुवारी शटर उघडण्यापूर्वी जुनी तारीख सगळीकडून निघाली पाहिजे: दाराचा फलक, चौकातला फ्लेक्स, रिक्षाचे ध्वनिमुद्रण, व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस, इन्स्टाग्रामवर वर पिन केलेली पोस्ट आणि गूगलवरच्या दुकानाच्या पानावर टाकलेली ऑफर. यांतली एखादी जागा हमखास विसरली जाते, म्हणून सेल सुरू करतानाच ‘तारीख कुठे कुठे लिहिली’ याची यादी त्याच वहीच्या शेवटच्या पानावर करून ठेवावी. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या की ग्राहक दोन्हींवर विश्वास ठेवत नाही. गुरुवारची गर्दी थोडी विरळ होईल, हे खरे आहे. ती किंमत मोजायची तयारी नसेल, तर मुदतवाढ देऊच नये.

घाईने आलेल्या ग्राहकाला विसरणे

बुधवारी पाडव्याला दुकानात आलेली एक ग्राहक डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, घरी पाहुणे यायचे, आणि सवलत उद्या संपणार असे फलकावर लिहिलेले. तिला मोरपंखी रंगाची सेमी पैठणी हवी होती. गर्दीत ती सापडली नाही, म्हणून तिने जांभळी घेतली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला संदेश मिळतो की सवलत रविवारपर्यंत आहे. तिने जास्त पैसे दिलेले नाहीत, पण तिची निवड घाईत झाली आणि ती घाई आपण लावली होती. मुदतवाढीबद्दल सर्वांत कडवट बोलणारा ग्राहक हाच असतो, आणि शेजारीपाजारी तो जे सांगतो ते आपल्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

तिच्यासाठी दोन गोष्टी जाहीर कराव्यात. पहिली, मूळ मुदतीत साडी घेतलेल्या कोणालाही न वापरलेली, फॉल-पिको न केलेली साडी बिलासह आणून वाढीव मुदतीत त्याच सवलतीत बदलून घेता येईल. दुसरी, वाढीव दिवसांत सवलत वीस टक्क्यांहून वर जाणार नाही. हे दुसरे वचन फार महत्त्वाचे आहे, कारण ‘मुदत वाढवली आणि सवलतही वाढवली’ असे केले की वेळेवर आलेल्यालाच शिक्षा होते आणि पुढच्या वर्षी सगळेच थांबून राहतात. एखाद्या साडीची किंमत काही कारणाने उतरवावीच लागली, तर आधीच्या खरेदीदाराला फरकाची रक्कम परत द्यावी. बदलायला येणाऱ्या साड्या एका वेळी फार नसतात. त्यांच्यासाठी वेगळा माणूस आणि सकाळची वेळ ठेवली की गोंधळ होत नाही.

काय वाढले आणि काय नाही, हे न सांगणे

सेल सुरू होतो तेव्हा असलेली प्रत्येक गोष्ट मुदतवाढीत टिकतेच असे नाही. सुती साड्या संपलेल्या असतात, इरकलीचे तीनच रंग उरलेले असतात, बँकेच्या कार्डावरची जादा सवलत बँकेने ठरवलेल्या तारखेलाच बंद होते, आणि घाऊक व्यापाऱ्याने सोसलेला सवलतीचा वाटाही त्याच्या तारखेपुरता असतो. तरीही फलकावर ‘सेलला मुदतवाढ’ एवढेच लिहिले जाते. सुती साडीसाठी बाहेरगावाहून आलेली बाई रिकाम्या हाताने परतते, आणि तिच्या दृष्टीने हा केवळ गिऱ्हाईक खेचण्याचा डाव ठरतो. जाहिरातींविषयीच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे: जाहीर केलेल्या किमतीला माल देता येईल अशी वाजवी शक्यता हवी, आणि साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगायला हवे. म्हणून घोषणेचा मजकूर लिहिण्याआधी मांडणीवरचा आणि गोदामातला माल प्रत्यक्ष मोजावा. संगणकातला आकडा सणाच्या गर्दीत अनेकदा मागे पडलेला असतो.

हे सगळे धरून आपल्या दुकानाचा मजकूर असा होईल:

‘दिवाळी सवलत रविवार, २६ ऑक्टोबर, रात्री ९ वाजेपर्यंत सुरू राहील. भाऊबीजेला माहेरी आलेल्या आणि बाजार समिती उघडण्याची वाट पाहणाऱ्या अनेक ग्राहकांनी तीन दिवस मागितले, म्हणून हा निर्णय बुधवारी रात्री घेतला. सेमी पैठणी व इरकल यांवर पूर्वीचीच २० टक्के सवलत राहील; इरकलीचे तीनच रंग शिल्लक आहेत. सुती साड्या संपल्या आहेत. कार्डावरची जादा सवलत २३ तारखेलाच संपेल. १७ तारखेपासून खरेदी केलेली साडी न वापरता, बिलासह आणल्यास रविवारपर्यंत बदलून मिळेल. सोमवारपासून नेहमीच्या किमती लागू होतील.’

या मजकुरात एकही उद्गारचिन्ह नाही, ‘धमाका’ नाही आणि ‘अभूतपूर्व प्रतिसाद’ही नाही. कारण नेमके असल्यामुळे ते सजवावे लागत नाही. शिवाय सुती साड्या संपल्याचे दुकान स्वतःहून सांगते, तेव्हा बाकीच्या ओळींवर विश्वास बसणे सोपे जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून हा मजकूर पाठवताना एवढे लक्षात ठेवावे की ज्यांनी दुकानाचा नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांच्यापर्यंतच तो पोहोचतो. त्यामुळे तोच मजकूर छापून दाराशी आणि गल्ल्याजवळ लावणे आवश्यक आहे.

दुसरी मुदतवाढ

शनिवारी काही जण पुन्हा विचारतील. तेव्हा नकार द्यावा, आणि तो देता यावा म्हणूनच वाढीव मुदत मूळ मुदतीपेक्षा बरीच लहान ठेवावी. सात दिवसांच्या सेलला तीन दिवस पुरेत. गल्ल्यावरच्या प्रत्येकाला एकच उत्तर माहीत हवे: ‘रविवारी रात्री नऊपर्यंतच आहे, पुढे वाढणार नाही.’ एखादा विक्रेता हळूच ‘वाढवतील बहुतेक’ म्हणाला, तर सगळी घोषणा वाया जाते. रविवारी नऊच्या आत दुकानात पाऊल ठेवलेल्या प्रत्येकाला सवलत द्यावी, मग बिल दहाला झाले तरी चालेल. सोमवारी सकाळी मात्र किमतीच्या चिठ्ठ्या खरोखर बदललेल्या असाव्यात आणि ओळखीच्या ग्राहकालाही जुन्या भावात माल देऊ नये, कारण लहान गावात ही बातमी दुपारपर्यंत सगळ्यांना कळते.

पुढच्या वर्षी सेलच्या तारखा ठरवताना तीच वही उघडावी. भाऊबीजेनंतरच्या दिवसांची मागणी याही वर्षी तशीच दिसत असेल, तर सेल पहिल्यापासूनच भाऊबीजेनंतरच्या रविवारपर्यंत जाहीर करावा. जी गरज आपल्याला आधीपासून माहीत आहे, तिच्यासाठी दरवर्षी आयत्या वेळी मुदतवाढ देणे म्हणजे ठरवून केलेली मुदतवाढच, आणि तिला लोकाग्रहास्तव म्हणता येणार नाही.